नंबर बदलताय? जुनं सिम चालू असतानाच ही कामं उरका

प्रश्न: नवीन मोबाईल नंबर घेतलाय, जुना थोड्या दिवसांत बंद करणार आहे. बँक, आधार, ॲप्स वगैरे कुठे कुठे नंबर बदलावा लागेल? काही यादी आहे का कुणाकडे?

तुमची यादी तुमच्या जुन्या फोनच्या मेसेजमध्येच आहे. इनबॉक्समध्ये OTP असं सर्च करा आणि वर्षभरात कुणाकुणाचे मेसेज आलेत ते एका कागदावर लिहून काढा. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी -G असेल तर तो सरकारी मेसेज, -S म्हणजे सेवेचा, -T म्हणजे व्यवहाराचा आणि -P जाहिरातीचा, तो सोडून द्या. आठवून आठवून यादी केली की जुनी एलआयसी, गॅस, मुलांच्या नावाचं खातं असलं काहीतरी हमखास राहतं.

सुरुवात आधारपासून करा, कारण त्याला वेळ लागतो आणि बाकी बरीच कामं आधारच्या ओटीपीवर अडतात. आधार केंद्रात जा, बोटांचे ठसे घेतात, नंबर बदलायला कुठलाही कागद लागत नाही आणि जुना नंबरही लागत नाही. पावतीवर यूआरएन म्हणजे अपडेटच्या विनंतीचा नंबर असतो तो जपून ठेवा, स्टेटस त्यावरूनच बघायचं. नवीन नंबर खरंच लागला का ते myaadhaar.uidai.gov.in वर तपासता येतं, ते झाल्याशिवाय पुढची आधारवाली कामं काढू नका.

आधार अपडेट होईपर्यंत बँका करून घ्या. आधारला नंबर बदलला म्हणून बँकेत आपोआप बदलत नाही, प्रत्येक बँकेत वेगळं करावं लागतं. बऱ्याच बँकांत नेटबँकिंगवरून किंवा एटीएमवरून होतं पण तेव्हा जुन्या नंबरवरही ओटीपी येतो, म्हणून तर जुनं सिम चालू हवं, नाहीतर मग शाखेत फॉर्म भरा. क्रेडिट कार्ड आणि लोनसाठी नंबर कधीकधी वेगळा नोंदवलेला असतो ते स्पष्ट विचारा. आणि झालं म्हणून सांगितलं तरी विश्वास ठेवू नका, एटीएममधून थोडे पैसे काढा आणि मेसेज नवीन नंबरवर येतो का बघा.

बँकेचं झाल्यावरच यूपीआय, उलटं केलं की अडकता. माझ्या मावशीचं असंच झालं, तिची दोन बँकांत खाती, एकीतच नंबर बदललेला, यूपीआय ॲपमध्ये नवीन नंबर टाकला तर एकच खातं दिसायला लागलं. ॲप बिघडलं असं तिला वाटत होतं, पण ॲप त्या नंबरवर नोंदलेलीच खाती शोधतं, दुसऱ्या बँकेत नंबर बदलल्यावर तेही आलं. रजिस्टर करताना फोनमधून एक एसएमएस आपोआप जातो, तेव्हा नवीन सिम त्याच फोनमध्ये हवं आणि रिचार्जमध्ये एसएमएस हवेत, नाहीतर व्हेरिफिकेशन फेल फेल दाखवत राहतं. पिन नव्याने सेट करायला डेबिट कार्डचे शेवटचे 6 आकडे आणि एक्स्पायरी किंवा आधारचा ओटीपी लागतो. जुन्या आयडीवर ऑटोपे लावलेलं असेल तर तेही बघून घ्या.

मग ज्या ॲप्सना जुन्या नंबरचा ओटीपी लागतो ती. गूगलमध्ये रिकव्हरी नंबर आणि टू-स्टेपचा नंबर हे दोन वेगळे असतात, दोन्ही बदला. व्हॉट्सॲपमध्ये नवीन नंबरवर नवीन अकाउंट उघडू नका, सेटिंगमध्ये अकाउंटखाली नंबर बदलायचा पर्याय आहे, त्याने ग्रुप तसेच राहतात.

राहिलं आयकर पोर्टल, पीएफ आणि डिमॅट. शेअर विकताना ओटीपी डिमॅटच्या नोंदीतल्या नंबरवर जातो, म्हणून ब्रोकरकडे आधीच सांगून ठेवा. गाडी असेल तर वाहनच्या पोर्टलवरही बदला, चलनाचा मेसेज जुन्या नंबरवर गेला तर दंड लागल्याचं तुम्हाला कळणारच नाही.

ही घाई का, तर वापर नसला की साधारण 90 दिवसांनी कंपनी नंबर बंद करते, आणि बंद नंबर पुढचे निदान 90 दिवस कुणाला देत नाहीत पण नंतर तो दुसऱ्याला जातो. मग तुमचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर. बंद नंबरांची यादी दूरसंचार विभागाकडून निघते आणि ती बघून बँका जुने नंबर काढतात, पण शॉपिंग किंवा खाण्याच्या ॲपवाले तसं करतीलच असं नाही. त्यामुळे कागदावरचं शेवटचं नाव खोडलं जाईपर्यंत जुन्या सिमला छोटा रिचार्ज मारत राहा, आणि त्यावर महिनाभर एकही कामाचा मेसेज आला नाही की मगच बंद करा.