बातमी नसताना बिटकॉइन अचानक का कोसळतो?

प्रश्न: काहीच बातमी नसताना पाच मिनिटांत एवढा भाव कसा पडतो? फंडिंग रेट आणि लिक्विडेशन हीटमॅप चार्टवरच्या पिवळ्या पट्ट्यांचा काही संबंध आहे का?

आहे. लिव्हरेजवर, म्हणजे थोडे स्वतःचे आणि बाकी उसने पैसे लावून घेतलेले सौदे एक्स्चेंज जबरदस्तीने विकतं आणि ती विक्रीच पुढची विक्री ओढून आणते. समजा, बऱ्याच जणांनी 100 ला 20 पट लॉन्ग, म्हणजे भाव वाढेल असं धरून सौदा घेतलाय. मार्जिन, म्हणजे त्यांचे स्वतःचे पैसे, फक्त 5, त्यामुळे ते पुरते संपायच्या आत साधारण 95.5 ला त्यांचे सौदे बाजारभावाने विकले जातात. खाली खरेदीदार विरळ असले की भाव 95 ला येतो आणि 99.5 ला घेतलेल्यांचा नंबर लागतो. पिवळा पट्टा म्हणजे अशा जबरदस्तीच्या विक्रीच्या पातळ्यांची दाटी. गर्दी कुठल्या बाजूला आहे ते फंडिंग दाखवतं, म्हणजे लॉन्गवाले आणि भाव पडेल असं धरणारे शॉर्टवाले ठरावीक वेळाने एकमेकांना देतात ती रक्कम. आठ तासांना 0.01% हे नेहमीचं, 0.1% झालं तर 20 पटवाल्याच्या मार्जिनमधून दर वेळी 2% शॉर्टवाल्यांकडे जातात. मुंबईत बसून मी बहुतेकदा रात्री 9:30 चा आकडा बघतो (बाकीचे पहाटे 5:30 आणि दुपारी 1:30 चे, झोप आणि ऑफिस!). फंडिंग खोल उणे असेल तर हाच खेळ उलटा, शॉर्ट फसतात आणि भाव उसळतो. फक्त एक: पट्टे अंदाजाने काढलेले असतात, एक्स्चेंज खरे सौदे दाखवत नाही; आणि चढं फंडिंग कित्येक दिवस तसंच टिकू शकतं, तेवढ्यावर शॉर्ट मारू नका.