कार्डाने पैसे भरताना मध्येच उघडणारं बँकेचं पान

प्रश्न : ऑनलाइन मिक्सर घेत होते. कार्डाचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही सगळं भरलं, तरी दुकानाचं पान जाऊन बँकेचं आलं. आता बँकेला आणखी काय हवं असतं? (नौपाडा, ठाणे)

तुम्ही भरलेलं सगळं कार्डावर छापलेलंच असतं. हॉटेलात बिलाबरोबर कार्ड आत गेलं, तर तेवढं कोणालाही टिपून घेता येतं. म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन खरेदीत कार्डावर न दिसणारी एखादी गोष्टही विचारायला लावली. आज ती गोष्ट म्हणजे बहुधा ओटीपी.

दुकानासाठी पैसे स्वीकारणारी यंत्रणा असते, तो पेमेंट गेटवे. तो नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कार्ड कोणत्या बँकेचं ते ओळखतो आणि व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रूपेच्या जाळ्यातून त्या बँकेला विचारतो. मग बँक स्वतःचं पान तुमच्यासमोर ठेवते. ओटीपी थेट बँकेकडे जातो, दुकानाला फक्त ‘ओळख पटली’ किंवा ‘नाही पटली’ एवढंच कळतं. या व्यवस्थेला थ्री-डी सिक्युअर म्हणतात. दुकानाची बाजू, तुमच्या बँकेची बाजू आणि मधलं जाळं, असे ते तीन ‘डी’, म्हणजे डोमेन. हल्ली काही दुकानं ओटीपीची चौकट आपल्याच पानावर दाखवतात, त्यामुळे बँकेचं पान आलं नाही म्हणजे घोळच, असं मात्र नाही.

प्रश्न : लोगो माझ्या बँकेचा, पण वरच्या पत्त्यात भलत्याच कंपनीचं नाव. घाबरून पान बंद केलं. चुकलं का? (नेरूळ)

बंद केलंत त्यात काही बिघडलं नाही. ओटीपी दिला नाही तर त्या खरेदीचे पैसे कापले जात नाहीत, फार तर खरेदी पुन्हा करावी लागते.

पण परका पत्ता म्हणजे फसवणूकच, असंही नाही. ओटीपी तपासायचं काम अनेक बँका बाहेरच्या कंपनीला देतात आणि पान त्या कंपनीच्या पत्त्यावर उघडतं. बँकांच्या वेबसाइटसाठी आता `.bank.in` हा राखीव शेवट आहे, तरी हे मधलं पान त्यावर असेलच असं नाही. पत्ता वाचताना `https://` नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा शेवटचा भाग बघा, खरा मालक तिथे कळतो. सुरुवातीला बँकेचं नाव कोणीही घालू शकतं. कुलपाच्या चित्रावरही विसंबू नका, ते चोराच्या पानालाही मिळतं.

पानावर दुकानाचं नाव, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे बघा. दुकानाऐवजी गेटवेचं नाव दिसू शकतं, पण रक्कम रुपया-पैशासकट जुळलीच पाहिजे. कार्डाचा पूर्ण नंबर किंवा नेटबँकिंगचा पासवर्ड तिथे पुन्हा मागितला, तर बाहेर पडा.

प्रश्न : आईला ‘पार्सलचा पत्ता अपुरा आहे, २५ रुपये भरा’ असा मेसेज आला. तिने कार्डाने भरले. पान बँकेसारखंच होतं, ओटीपीही बँकेकडूनच आला, आणि ४८,९९९ रुपये गेले. हे कसं झालं? (खारघर)

ओटीपी खरा होता, पान खोटं होतं. आईंनी २५ रुपयांच्या पानावर कार्डाची माहिती भरली, त्याच मिनिटाला पलीकडच्या माणसाने ती एखाद्या खऱ्या दुकानात ४८,९९९ च्या खरेदीसाठी टाकली. बँकेने नेहमीप्रमाणे ओटीपी पाठवला. तो आईंनी खोट्या पानावर लिहिला आणि त्याने तो उचलून खऱ्या पानावर टाकला.

लोगो, रंग, २५ हा आकडा, सगळं चोराला हवं तसं रंगवता येतं. बँकेच्या एसएमएसला मात्र त्याचा हात लागत नाही. आईंच्या फोनमधला तो मेसेज काढून बघा. त्यात बहुधा ४८,९९९ आणि दुकानाचं नाव असेल. अडचण अशी, की आजकाल फोन मेसेजमधले आकडे आपोआप उचलून चौकटीत भरतो आणि मेसेज वाचलाच जात नाही. मी माझ्या फोनवर ही सोय बंद केली आहे. मेसेज उघडायचा, आधी रक्कम वाचायची, मग दुकान, आणि ओटीपी सगळ्यांत शेवटी. अ‍ॅपमध्ये पत्त्याची पट्टीच दिसत नाही, तिथे तर हाच एक आधार उरतो.

आता आधी कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून कार्ड बंद करा, तक्रार क्रमांक घ्या, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार ओटीपी ग्राहकानेच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून हा फोन संध्याकाळवर ढकलू नका.

प्रश्न : परदेशी वेबसाइटवर कुठलंही पान न येता पैसे कापले गेले. असं चालतं? (घोडबंदर रोड, ठाणे)

चालतं. २००९ चा तो नियम इथल्या दुकानांसाठी होता. बाहेरची अनेक दुकानं नुसत्या कार्डावरच्या माहितीवर पैसे घेतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू-बंद करायची सोय असते. खरेदीपुरता तो चालू करा, झालं की बंद.