ओंबी झडायची थांबली तेव्हा

प्रश्न: शेतीचा शोध लागला म्हणून भटकी माणसं गावात स्थिरावली आणि मग शहरं उभी राहिली, असं शाळेत शिकलो. पण हे नेमकं झालं कसं? एखादं खरं उदाहरण घेऊन सांगाल का?

उत्तर:

निदान पश्चिम आशियात तरी हा क्रम उलटा आहे. तिथे माणसं आधी एका जागी बसली, शेती मागून आली.

सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठी अबू हुरेरा नावाचं टेकाड होतं. 'होतं' म्हणतेय, कारण ते आता धरणाच्या पाण्याखाली आहे. पाणी चढायच्या आधी, 1972 आणि 1973 मध्ये, अँड्र्यू मूर यांच्या चमूने तिथे घाईघाईने उत्खनन केलं. तळाशी सापडली इ. स. पू. 11000 च्या आसपासची वस्ती. जमिनीत खड्डे खणून त्यावर छप्पर घातलेली घरं, आणि शेती अजिबात नाही. ही माणसं रानातलं धान्य गोळा करत आणि गॅझेल जातीची हरणं (आपल्या चिंकाऱ्याची भावंडं) मारत. उकिरड्यातल्या मातीत शंभराहून जास्त जातींच्या वनस्पतींचे जळके दाणे निघाले. त्या वनस्पती वेगवेगळ्या ऋतूंत पिकणाऱ्या, म्हणजे माणसं तिथे जवळजवळ वर्षभर राहत असणार.

शेती नसताना का राहिली? माझ्या मते याचं उत्तर धान्याच्या वजनात आहे. जॅक हार्लन नावाच्या अमेरिकन कृषिशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात तुर्कस्तानातल्या डोंगरावर दगडी पात्याच्या विळ्याने रानगहू कापून पाहिला. तासाला साधारण एक किलो स्वच्छ धान्य हाती आलं. हा गहू पायथ्याशी आधी पिकतो, वर चढत जावं तसा उशिरा, त्यामुळे सुगी दोन-तीन आठवडे चालते. आता हिशोब करा. घरची चार माणसं रोज आठ तास, तीन आठवडे राबली तर साडेसहाशे किलोच्या वर धान्य होतं. हे पाठीवर टाकून कोण फिरणार? ज्याच्या घरी कणगी भरलेली आहे तो ती सोडून जात नाही.

आता मुख्य गोष्ट. रानगव्हाची ओंबी पिकली की मधला दांडा पेरापेरांतून सुटतो आणि दाणे तुसासकट जमिनीवर झडतात. झाडाच्या दृष्टीने हेच बरोबर, बी पसरायलाच हवं. पण लाखांत एखादं झाड असं निघतं की त्याची ओंबी सुटतच नाही. रानात अशा झाडाचा वंश बुडतो. माणूस विळा घेऊन आला की मात्र पारडं फिरतं. हात लागताच झडलेले दाणे मातीत जातात, न झडलेले पेंढीत येतात. त्याच पेंढीतलं बियाणं पुढच्या वर्षी पेरलं, की न झडणाऱ्यांचं प्रमाण किंचित वाढतं.

हे ओळखायचं कसं? विद्यार्थीदशेत मी महिनोन् महिने हेच केलं. उत्खननातली माती पाण्यात सोडायची, जळकं बी-बियाणं वर तरंगतं, ते वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकडा, त्याच्या बुडाशी एक व्रण. व्रण गुळगुळीत असेल तर तो तुकडा आपोआप सुटलेला, म्हणजे रानटी. खडबडीत, ओरबाडल्यासारखा असेल तर तो मळणीत मोडलेला, म्हणजे शेतातला. एकट्या तुकड्यावरून काही ठरत नाही, कारण रानटी झाडातही थोडे व्रण खडबडीत निघतात. शेकडो तुकडे मोजावे लागतात. डोळे दुखतात, मान आखडते, आणि शेवटी हातात एक टक्केवारी येते.

या टक्केवारीनेच शोधाची गोष्ट खोटी ठरवली. प्रयोग आणि गणितं सांगत होती की हा बदल दोनशे वर्षांच्या आतही होऊ शकतो. प्रत्यक्षात खडबडीत व्रण बहुसंख्य व्हायला दोन हजार वर्षं किंवा त्याहून अधिक लागली. बहुधा लोक झडायच्या आधी हिरवटच कापत असावेत, आणि पीक बुडालं की रानातून पुन्हा बियाणं आणत असावेत. शंभर पिढ्यांत कुणालाही कळलं नसेल की आपण काही बदलतोय.

तोवर परतीची वाट मात्र बुजत गेली. भटक्या आईला एका वेळी एकच मूल काखेत घेता येतं, म्हणून दोन मुलांत तीन-चार वर्षांचं अंतर असतं. घर पक्कं आणि चुलीवर पेज असली की मूल लवकर अंगावरून सुटतं आणि पुढचा पाळणा लवकर हलतो. अबू हुरेराच्या वरच्या थरांत मातीच्या विटांची घरं आहेत आणि वस्ती हजारोंची झाली आहे. पुढे हरणं कमी होऊन शेळ्या-मेंढ्या आल्या. एवढ्या तोंडांना रानातलं पुरणं शक्य नव्हतं. याची किंमत सांगाड्यांवर दिसते. बायकांच्या पायाच्या अंगठ्यांचे सांधे झिजलेले आहेत, गुडघ्यांवर आणि कंबरेवर ताणाच्या खुणा आहेत. पायाची बोटं दुमडून, गुडघे टेकून रोज कित्येक तास पाट्यासारख्या दगडावर धान्य भरडल्याच्या या खुणा आहेत.

गावापासून शहरापर्यंत मात्र आणखी चार-पाच हजार वर्षं गेली. म्हणजे नुसत्या शेतीने शहर होत नाही. दक्षिण इराकमध्ये पाऊस नगण्य, आणि नद्यांना पूर येतो तो जव कापणीला आलेला असताना, म्हणजे नको त्या वेळी. पेरणीला पाणी हवं तर पाट खणायचे आणि दरवर्षी त्यांचा गाळ उपसायचा. हे एका घरचं काम नाही. माणसं गोळा करायची तर त्यांना खाऊ घालायचं, आणि खाऊ घालायचं तर मोजून. इ. स. पू. 3200 च्या सुमाराचं उरूक हे असं शहर. तिथे साच्यात ठोकलेले ओबडधोबड मातीचे वाडगे ढिगांनी सापडतात. बरेच अभ्यासक ते मजुरांना शिधा देण्याचे मानतात. तिथल्या सर्वांत जुन्या लेखी पाट्यांवर कविता नाहीत, जवाचे आणि बियरचे हिशोब आहेत. 'खाणे' या शब्दाची खूण म्हणजे माणसाचं डोकं आणि त्यापुढे वाडगा. आपल्याकडच्या बलुत्याची आठवण होते, फक्त इथे माप गावाच्या नाही, देवळाच्या कोठारातलं.

हा रस्ता एकेरी नव्हता, याचा पुरावा माझ्याच तालुक्यात आहे. शिरूरजवळ घोड नदीकाठच्या इनामगावला इ. स. पू. 1600 च्या सुमारास शेतकरी वसले. चौकोनी घरं, जव-गहू, धान्याचं कोठार, नदीचं पाणी वळवायला पाटसुद्धा. इ. स. पू. 1000 नंतर हवा कोरडी होत गेली असं उत्खनन करणाऱ्यांचं मत आहे. वरच्या थरांत चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, धान्य कमी होतं, शेळ्या-मेंढ्यांवरची आणि शिकारीवरची भिस्त वाढते. इ. स. पू. 700 च्या आसपास वस्ती उठली. शहर तर दूरच, गावही टिकलं नाही. नेवासे, दायमाबाद अशा इतर बऱ्याच ताम्रपाषाण वस्त्या त्याआधीच, इ. स. पू. 1000 च्या सुमारास ओस पडल्या होत्या.