चाळीस टक्के सूट लावू का? आधी कुर्ता कितीला पडला ते बघा

प्रश्न: कोथरूडमध्ये माझं कुर्त्यांचं दुकान आहे. सुरतेहून ₹४८० अधिक जीएसटीने घेतलेले १२० कुर्ते १४ महिने तसेच पडून आहेत. टॅग ₹१,०५० चा आहे. ४० टक्के सूट दिली तर ₹६३० येतात, म्हणजे नगामागे १५० सुटतात असं मला वाटतं. तोट्यात विकायचं नाही. कुठपर्यंत खाली येऊ? खर्चाचा कागद सोबत जोडला आहे.

उत्तर: ताई, १५० सुटत नाहीत. तुमच्याच कागदावरून हिशेब केला तर ४० टक्क्यांवर नगामागे ₹४३ अंगावर येतात.

खरेदीच्या वेळी नगामागे भरलेला ₹२४ जीएसटी तुम्ही क्रेडिट म्हणून घेतला आहे, तेव्हा तो खर्चात धरायचा नाही. (कंपोझिशनमध्ये असतात तर ते ₹२४ सुद्धा किमतीतच गेले असते.) वाहतूक आणि हमाली नगामागे ₹१२, म्हणजे कुर्ता दुकानात ₹४९२ ला आला. एवढे पैसे कॅश क्रेडिटवर १२ टक्क्यांनी अडकले आहेत. महिन्याला साधारण ₹५, चौदा महिन्यांचे ₹६९. वारज्याच्या गोडाऊनचं भाडं ₹६,००० आणि हा माल त्यातली दहावा हिस्सा जागा अडवतो, म्हणजे महिन्याला ₹६००, नगामागे आणखी ₹५, एकूण ₹७०. सगळं मिळून आज एक कुर्ता तुम्हाला ₹६३१ ला पडला आहे.

हे आकडे तुमच्या नजरेतून का सुटले, तेही सांगते. व्याज आणि भाडं दर महिन्याच्या खर्चात आधीच गेलेलं असतं, आणि वहीत शिल्लक मालाची किंमत ₹४९२ च राहते. त्यामुळे ६३० ला विकल्यावर त्या बिलावर नफाच दिसेल. तोटा मागच्या चौदा महिन्यांत थोडा थोडा होऊन गेला आहे.

आता विक्रीकडून बघा. टॅगच्या किमतीत जीएसटी धरलेलाच असतो, गिऱ्हाइकाकडून वर वेगळा मागता येत नाही. कपड्यांवर ₹२,५०० पर्यंत ५ टक्के, म्हणून ६३० मधले ३० सरकारचे. उरलेल्या ६०० वर विक्रेत्या मुलींचं २ टक्के कमिशन १२ रुपये. तुमच्या हातात ५८८.

म्हणून उलट्या बाजूने यायचं: ६३१ ला ०.९८ ने भागायचं आणि १.०५ ने गुणायचं. उत्तर येतं ₹६७७. तुमची तळाची किंमत ही. टक्क्यांत ३५ ची सूट (₹६८२.५०) बसते, ३६ ची बसत नाही.

पण पाटी लावण्याआधी प्रत्येक कुर्ता उलगडून बघा. वर्षभर घडीत राहिलेल्या सुती कापडाचा रंग घडीच्या रेषेवर उडतो. १२० पैकी सहा नग बाद झाले तर त्यांचा खर्च उरलेल्या ११४ वर चढतो, आणि तळ थेट ₹७१२ वर जातो. बाद नग फेकले किंवा फुकट वाटले तर त्यांच्यावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट परत करावं लागतं. तेच डाग दाखवून स्वस्तात विकले तर करावं लागत नाही, म्हणून ते वेगळ्या टोपलीत ठेवून विका.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, पण मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. गेलेले १४ महिने परत येणार नाहीत. ६८० ला गिऱ्हाईक मिळेना म्हणून तुम्ही सहा महिने थांबलात आणि मग खरंच ६८० आले, तरी हातात ६३५ पडतील. त्यातून पुढच्या सहा महिन्यांचे व्याज आणि भाडं ₹६० वजा करा. उरले ५७५. आज ६३० ला विकलात तर ५८८ मिळतात. म्हणजे ज्या भावाला आपण तोटा म्हणालो, तोच भाव सहा महिने थांबण्यापेक्षा नगामागे १३ रुपयांनी बरा आहे, आणि दरम्यान फॅशन बदलण्याची जोखीमही टळते.

भाड्याचा भाग मात्र तपासून घ्या. हा माल गेल्यावर ती जागा नव्या मालाला लागणार नसेल आणि भाडंही कमी होणार नसेल, तर पुढच्या हिशेबात फक्त व्याजाचे महिन्याला ₹५ धरा. मग थांबण्याची किंमत निम्मी होते, आणि सहा महिन्यांनी ६८० नक्की मिळणार असतील तर थांबणंच बरं ठरतं. पण ‘नक्की’ कुणी सांगायचं?

मी तुमच्या जागी असते तर पहिले चार आठवडे ३५ टक्के लावले असते. तेवढ्यात निम्मे नग गेले नाहीत, तर उरलेले ६३० ला काढले असते, आणि त्यातून आलेले पैसे आधी कॅश क्रेडिटमध्ये भरले असते.