"बघते गं, जमवते" हे आधी बंद कर

प्रश्न: दर रविवारी कोणाकडे तरी काहीतरी असतंच. नाही म्हटलं की आठवडाभर मनाला खात राहतं, म्हणून मी मोठ्ठी कारणं सांगते आणि त्यातच अडकते. आता पुढच्या रविवारी ऑफिसमधल्या मैत्रिणीची बदलापूरला वास्तुशांत आहे, आम्ही ठाण्याला. एकच सुट्टी मिळते, मला खरंच घरी बसायचंय. पण ती मला आवडते, तिने पुढे बोलवणंच बंद केलं तर? काय सांगू?

---

अगं, तू तिला आत्तापर्यंत "बघते गं, जमवते" म्हणून बसली असशील ना? माझी पैज. मीही वीस वर्षं तेच म्हणत होते, आणि ते किती वाईट असतं हे आमच्याच घराच्या वास्तुशांतीला कळलं. केटररला गुरुवारी आकडा द्यायचा होता. येणारे नक्की होते, न येणारेही नक्की होते, आणि मधे ११ जण "बघतो" वाले. त्यांना धरायचं की सोडायचं ह्यावर माझी आणि नवऱ्याची बुधवारी रात्री भांडणं झाली, शेवटी धरले सगळे, आले चार. दोन दिवस शेजारपाजारी मसालेभात आणि जिलेब्या वाटत होते मी. आता गंमत सांगू? ज्यांनी सरळ "नाही" म्हणून सांगितलं होतं त्यातलं आज मला एकही नाव आठवत नाही, पण ते सात जण मला अजून नावानिशी पाठ आहेत.

म्हणजे बोलावणाऱ्याला तू न येण्याचा राग नसतो गं फारसा, टांगून ठेवल्याचा असतो. म्हणून आमंत्रण आल्यापासून फार तर दुसऱ्या दिवशीपर्यंत नाही सांगून मोकळी हो. उशिरा दिलेला नकार कितीही गोड असला तरी तिच्यासाठी तो वाया गेलेलं ताटच.

आता कारणांचं. आपल्याकडे कारण सांगितलं की समोरचा ते सोडवायला बसतो, आणि प्रेमाने बसतो म्हणून पंचाईत. "मुलाची परीक्षा आहे" म्हटलं की "घेऊन ये त्याला, आतल्या खोलीत करेल अभ्यास". "रविवारी मेगाब्लॉक असतो गं" म्हटलं की "आमचे हे कल्याणला गाडी घेऊन येतील". तू चार कारणं दिलीस तर ती चारही सोडवणार आणि मग तुझ्याकडे फक्त "मला यायचं नाहीये" एवढंच उरतं, ते तर तोंडातून निघत नाही, मग जातो आपण चडफडत.

आणि खोटं कारण तर नकोच. मी एकदा एका नणंदेला ताप आलाय म्हणून सांगितलं. बारसं होतं, मला कंटाळा आला होता बस. संध्याकाळी बाई डब्यात मऊ भात आणि मेतकूट घेऊन दारात! मी स्टुलावर उभी राहून माळा आवरत होते, डोक्याला फडकं, हातात जुनी पितळी परात. ती काही बोलली नाही, डबा ओट्यावर ठेवला, पाणी प्यायली आणि गेली. पुढची दोन वर्षं मला त्यांच्याकडची आमंत्रणं सासूबाईंकडून कळायची, थेट फोन कधी नाही. तू जे मनाला खात राहतं म्हणतेस ना, ते माझ्या अनुभवात नकारापेक्षा असल्या थापेचंच जास्त असतं.

मराठीत "जमणार नाही" हे अख्खं वाक्य आहे, त्याला शेपूट लागत नाही. तुझ्या मैत्रिणीला मी असं म्हटलं असतं:

"अगं, घर झालं तुमचं, मला इतकं छान वाटलं! रविवारी मला यायला जमणार नाही, म्हणून आत्ताच सांगतेय, मला ताटात धरू नकोस. पण घर मला बघायचंय. पुढच्या बुधवारी ऑफिसमधून तुझ्याबरोबरच येऊ का बदलापूरला? चहा पिऊन तासाभरात निघेन."

हे फोनवर सांग किंवा ऑफिसात समोरासमोर, मेसेज नंतर. आणि ऑफिसच्या ग्रुपवर तर अजिबात नको, तिथे एकीने "सॉरी डिअर, नाही जमणार" टाकलं की खाली रांग लागते आणि बिचारीचा कार्यक्रम सगळ्यांदेखत ओसाड पडतो.

त्यातलं बुधवारचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. "पुढच्या वेळी नक्की" हे सगळेच म्हणतात, त्याला काडीची किंमत नाही. वार सांगितलास की तिला कळतं की हिला कार्यक्रम नकोय, मी हवी आहे. आणि खरं सांगू, वास्तुशांतीच्या दिवशी घरची बाई कोणाशी दोन वाक्यं धड बोलते का? गुरुजींना काय हवं, कोण जेवायचं राहिलं, हेच. बुधवारी ती तुला प्रत्येक कपाट उघडून दाखवेल. परतीची ठाण्याची गाडी संध्याकाळी उलट्या दिशेची, बसायला मिळतं. मात्र बुधवार पक्का असेल तरच बोल, तोही चुकवलास तर एकाच घराला दोन नकार झाले.

आता ती आग्रह करणार, ते धरूनच चाल. पहिला आग्रह हा मान असतो, तो सोडवायचा नसतो. "तासभर तरी ये गं" म्हणाली की हसून तेच वाक्य परत, "नाही गं, ह्या रविवारी खरंच नाही, बुधवारी येते". नवीन शब्द घालायचा नाही, घातलास की दार किलकिलं झालं. परत म्हणाली तर विषय तिच्याकडे वळव, गुरुजी कुठले मिळाले, स्वयंपाक घरी की बाहेरून. पाच मिनिटं ती भरभरून बोलते आणि फोन आनंदात संपतो.

रविवारी रात्री फोटो येतील, त्यावर नुसता अंगठा टाकू नकोस. एखादी गोष्ट बघून विचार, तोरण घरी केलंस का वगैरे.

हे सगळीकडे चालत नाही हेही सांगते. कोणाचं दहावं-तेरावं असेल तर ते आमंत्रण नसतंच, जायचं. सख्ख्यांच्या लग्नाला अक्षता टाकून, जेवून, तासा-दीड तासात निघ, पण तोंड दाखव. आणि नवऱ्याच्या मावशीला नकार नवऱ्यानेच कळवायचा, तू फोन केलास की "सून येऊ देत नाही" एवढंच उरतं मागे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर नाही म्हणायची वेळच येऊ नये, रथसप्तमीपर्यंत चालतं ते, "त्या दिवशी नाही, गुरुवारी वाण घ्यायला येते" म्हण.

एकाच माणसाला लागोपाठ दोनदा नाही झालं तर मी तिसऱ्याची वाट बघत नाही, आपणच बोलावते, साधं थालीपीठ खायला का होईना. आमंत्रण आदल्या रात्री यायला लागलं किंवा "तू काय, येणार नाहीसच" अशा सुरुवातीने आलं तर समज उशीर झालाय, त्या वेळी मात्र उठून जा.

तुझा पुढचा रविवार म्हणजे तिचा आकडा ह्या दोन-तीन दिवसांत जाईल. आज रात्रीच फोन लाव, आणि काय म्हणाली ते इथे लिही.