पिल्लाच्या पहिल्या वर्षाच्या लसी, जंतनाशक आणि आंघोळ

प्रश्न: ४५ दिवसांचं कुत्र्याचं पिल्लू आणलंय. पहिल्या वर्षात लसी, जंताचं औषध, आंघोळ कधी कधी?

पहिली एकत्रित लस (पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे) आता, सहा-आठ आठवड्यांच्या वयात द्या, मग दर तीन-चार आठवड्यांनी. शेवटचा डोस मात्र पिल्लू १६ आठवड्यांचं झाल्यावरच हवा. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती तोवर लसीला निष्प्रभ करू शकते. दोन डोस झाले म्हणून लोक थांबतात आणि पिल्लाला नेमका पार्व्हो होतो. मरगळ, उलट्या, रक्ताचे जुलाब दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा. वर्षाने दोन्ही लसी पुन्हा.

जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा, मग दर तीन महिन्यांनी. डोस वजनावर ठरतो, म्हणून दर वेळी वजन करा. शीमध्ये शेवयांसारखे जंत दिसले तर घाबरू नका, औषध लागू पडतंय.

आंघोळ लसी पूर्ण झाल्यावर महिन्यातून एकदा पुरे; माणसांचा शाम्पू नको. आत्तापासून रोज पंजे हातात धरा, नाहीतर पुढे नखं कापताना घर डोक्यावर घेईल.