लॅटिमर आकृतीतून MnO₄⁻/MnO₂ चं E° आणि मँगनेटचं डिसप्रपोर्शनेशन

प्रश्न: आम्लात MnO₄⁻ —(0.56)→ MnO₄²⁻ —(2.26)→ MnO₂ असं दिलंय. MnO₄⁻/MnO₂ साठी मी दोन्हींची सरासरी 1.41 काढली, पुस्तकात 1.69 आहे. शिवाय मधलं MnO₄²⁻ टिकणार की नाही, हे कसं ठरवायचं?

व्होल्ट थेट मिळवता येत नाहीत, ऊर्जा मिळवता येते. म्हणून आधी प्रत्येक पायरीचं ΔG° = −nFE° लिहून काढ. मँगनीज +7 वरून +6 वर येताना एकच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून −0.56F. पुढे +6 वरून +4 वर येताना दोन घेतो, म्हणून −4.52F. बेरीज −5.08F. अख्ख्या उडीत तीन इलेक्ट्रॉन आहेत, तेव्हा E° = 5.08/3 = 1.69 व्होल्ट. तुझ्या सरासरीने दोन्ही पायऱ्यांना सारखंच वजन दिलं, घोटाळा तिथेच झाला. आलेलं उत्तर नेहमी दोन आकड्यांच्या मध्ये आणि जास्त इलेक्ट्रॉनवाल्या पायरीकडे झुकलेलं असतं. लिहिण्याआधी एवढं नजरेखालून घाल.

आता मधल्या MnO₄²⁻ चं. त्याच्या उजवीकडचा आकडा डावीकडच्यापेक्षा मोठा असेल तर ते स्वतःच स्वतःला ऑक्सिडाइज आणि रिड्यूस करतं. इथे 2.26 − 0.56 = +1.70, म्हणजे ΔG° चांगलंच ऋण:

3MnO₄²⁻ + 4H⁺ → 2MnO₄⁻ + MnO₂ + 2H₂O

या वजाबाकीत n ने गुणायचं नाही. दिलेले आणि घेतलेले इलेक्ट्रॉन सारखेच असल्याने ते कटतात. पहिल्या भागात गुणावं लागलं, कारण तिथे शेवटी इलेक्ट्रॉन उरतात. बरीच मुलं नेमकी इथे गल्लत करतात. प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं: हिरव्या मँगनेटमध्ये सौम्य आम्ल घातलं की द्रावण जांभळं होतं आणि तळाशी काळपट तपकिरी MnO₂ बसतो.

पण हा निकाल तीव्र अल्कलीत उलटतो. MnO₄⁻/MnO₄²⁻ मध्ये H⁺ नाही, म्हणून 0.56 कुठेही तसंच राहतं. दुसऱ्या पायरीत दोन इलेक्ट्रॉनमागे चार H⁺ लागतात, त्यामुळे pH एकने वाढला की ते पोटेन्शियल साधारण 0.118 ने उतरतं. pH 14 ला 2.26 चं 0.60 होतं आणि फरक जेमतेम 0.04 उरतो. OH⁻ आणखी चौपट केलं तर दुसरा आकडा 0.53 च्या आसपास जातो, फरक ऋण होतो, आणि हिरवा रंग टिकतो. म्हणूनच मँगनेट तीव्र KOH मध्ये ठेवतात.

आणखी एक लक्षात ठेव: लॅटिमर आकृती दिशा सांगते, वेग सांगत नाही. H₂O₂ साठी आम्लातले आकडे 0.70 आणि 1.76 आहेत, म्हणजे तेही फुटायला हवं. तरी बाटलीत ते बराच काळ राहतं. त्यात चिमूटभर MnO₂ टाकला की मात्र लगेच ऑक्सिजनचे बुडबुडे यायला लागतात.